वर्ड क्लाऊड बघून काकूंची नोकरी जाणार होती! ग्राहकांच्या कमेंट्स मोजताना साधा बार चार्ट का बरा?

दरवर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्पाचं भाषण संपलं की थोड्याच वेळात सोशल मीडियावर रंगीत शब्दांचे ढग फिरायला लागतात. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा, कमी वेळा आला तो लहान. तिथे फारसं काही बिघडत नाही, कारण तो ढग बघून कोणी निर्णय घेत नाही. लोक बघतात, फॉरवर्ड करतात आणि विसरतात.

आता मात्र हाच प्रकार दुकानांमध्ये आणि छोट्या धंद्यांमध्ये शिरला आहे. काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, तो स्कॅन केला की फॉर्म उघडतो, आपण दोन ओळी लिहितो. महिन्याभरात दोन-तीनशे कमेंट्स जमतात. एवढ्या कोण वाचणार? मग कोणीतरी त्यांचा वर्ड क्लाऊड करतो, आणि तो बघून पैसे कुठे घालायचे, कोणाला काढायचं, हे ठरतं. माझ्या घरातच हे होता होता राहिलं, म्हणून हा लेख.

माझ्या मावसभावाची पुण्यात टिफिन सर्व्हिस आहे. बहुतेक ग्राहक विद्यार्थी आणि आयटीवाले. गेल्या तीन महिन्यांत त्याच्या गूगल फॉर्मवर १३३ ग्राहकांनी मिळून ३१८ कमेंट्स टाकल्या होत्या. डबा घेणाऱ्या बीसीएच्या एका मुलाने हौसेने त्यांचा वर्ड क्लाऊड करून दिला. दादाने तो व्हॉट्सअ‍ॅपवर मला पाठवला आणि लगेच फोन केला. "बघितलंस? मधोमध ‘चव’, शेजारी ‘तिखट’. काकूंचं काहीतरी करावं लागणार रे. दुसरा आचारी बघतोय मी."

काकू सहा वर्षं त्याच्याकडे स्वयंपाक करतात. मी म्हटलं, "दादा, आचारी नंतर बघ. आधी मला मूळ शीट पाठव."

दिसणाऱ्या चुका आणि न दिसणारी चूक

त्या मुलाशी बोललो तेव्हा कळलं की त्याने बरीच मेहनत घेतली होती. पायथनची `wordcloud` नावाची लायब्ररी त्याने वापरली. पहिल्या वेळी सगळीकडे नुसते चौकोन आले, कारण लायब्ररीसोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. त्याने फॉन्ट बदलला. दुसऱ्या वेळी शब्दांऐवजी तुकडे आले. ‘डिलिव्हरी’ या एका शब्दाचे ‘ड’, ‘ल’, ‘व’ आणि ‘हर’ असे चार तुकडे! हे का होतं तर शब्द शोधताना लायब्ररी `\w` ही खूण वापरते, आणि पायथनच्या या खुणेत आपली वेलांटी, मात्रा, पायमोड ही ‘अक्षरं’ धरली जात नाहीत. जिथे मात्रा आली तिथे शब्द तुटतो. ‘चव’ किंवा ‘गरम’सारखे बिनमात्रांचे शब्द तेवढे धड राहतात.

त्याने शोधून हा बदल केला:

```
WordCloud(font_path="NotoSansDevanagari-Regular.ttf",
          regexp=r"[\u0900-\u097F]+")
```

यात `regexp`चा अर्थ असा की देवनागरी चिन्हांची सलग माळ म्हणजे एक शब्द. तिसऱ्या वेळी ढग झकास आला. शब्द पूर्ण, जोडाक्षरं नीट. खरी गडबड इथेच झाली. पहिल्या दोन चुका डोळ्यांना दिसल्या म्हणून दुरुस्त झाल्या. तिसरी दिसतच नव्हती.

‘फक्त देवनागरी’ म्हटल्यावर इंग्रजी लिपीतली प्रत्येक कमेंट गळाली. आता तुम्हीच सांगा, तुम्ही मोबाईलवर मराठी कशी टाइप करता? "dabba roj late yeto", "jevan mast pan ushir hoto". ३१८ पैकी १२१ कमेंट्स पूर्णपणे अशाच होत्या. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त कमेंट्समधलं म्हणणं त्या चित्रात नव्हतंच, आणि चित्राकडे बघून ते कळायला काहीच मार्ग नव्हता. ढग तेवढाच भरलेला, तेवढाच रंगीत.

या एका गोष्टीसाठीसुद्धा मी बार चार्टच्या बाजूने उभा राहीन. बार चार्ट करताना प्रत्येक पट्टीपुढे आकडा लिहावा लागतो. आकडा लिहिला की ‘कितीपैकी?’ हा प्रश्न येतो. मी एकूण कमेंट्स मोजायला बसलो, शीटमध्ये ३१८ ओळी होत्या आणि शब्द आले होते फक्त १९७ ओळींमधून. तिथेच चोरी पकडली गेली.

आकार किती खरा?

समजा, गळती झालीच नसती. तरी ढगातल्या आकारावर किती भरवसा ठेवायचा?

दादाच्या ढगात ‘चव’ ६४ वेळा होती आणि त्याखालोखाल ‘तिखट’ ४८ वेळा. म्हणजे ‘तिखट’ हा ‘चव’च्या पाऊणपट. पण चित्रात दोन्ही जवळपास सारखेच दिसत होते. कारण या लायब्ररीत `relative_scaling` नावाची सेटिंग आहे आणि ती आपण हात न लावल्यास ०.५ असते. तिचा अर्थ, आकार ठरवताना निम्मं वजन शब्द किती वेळा आला याला, आणि उरलेलं निम्मं नुसत्या क्रमाला. त्यामुळे लगेच पुढचा शब्द निम्म्या वेळा आला असला तरी तो निम्म्या आकाराचा होत नाही, पाऊणपट होतो. आपलं ‘तिखट’ पाऊणपट असायला हवं होतं, ते साडेसत्त्याऐंशी टक्के झालं. वर जागा पुरली नाही की लायब्ररी शब्द आणखी लहान करते. रंगाला तर काही अर्थच नाही, ते यादृच्छिक पडतात. पण लाल शब्द बघितला की आपल्याला तक्रार वाटतेच ना?

लायब्ररीची सेटिंग बदलली तरी आपल्या डोळ्यांचं काय? विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की माणूस कोणत्या प्रकारच्या चित्रातून आकडा किती अचूक ओळखतो. एकाच रेषेपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यांची टोकं आपण सगळ्यात नीट ओळखतो. क्षेत्रफळाचा अंदाज मात्र बराच चुकतो. ढगात आपण क्षेत्रफळच बघत असतो, आणि तेही शब्दाच्या लांबीने बिघडलेलं. ‘चव’ आणि ‘डिलिव्हरी’ समान वेळा आले तरी ‘डिलिव्हरी’ दुप्पट-तिप्पट जागा खातो.

तसं हे ढग आकडे दाखवायला जन्मलेच नव्हते. फ्लिकरसारख्या साइटवर जे टॅगचे ढग असायचे त्यातला प्रत्येक शब्द ही लिंक होती. मोठा शब्द म्हणजे ‘इथे क्लिक केलंस तर जास्त फोटो मिळतील’ एवढाच इशारा. २००८ मध्ये जोनाथन फाइनबर्ग याने ‘वर्डल’ नावाचं मोफत टूल काढलं, कोणताही मजकूर टाका आणि सुंदर ढग मिळवा. (हल्लीचा पाच अक्षरांचा खेळ नव्हे, तो पुष्कळ नंतरचा.) तिथून लिंक गेली आणि नुसतं चित्र राहिलं.

मी काय केलं

दादाची शीट फोनवरच उघडली. ए कॉलममध्ये कमेंट्स. आधी पन्नासेक कमेंट्स नुसत्या वाचल्या आणि एकाच गोष्टीसाठी लोक कोणकोणते शब्द वापरतात ते टिपून घेतलं. उशिरासाठीच बघा: उशीर, उशिरा, लेट, late, ushir. ढगात यातले देवनागरी शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले होते. ‘उशिरा’ २७ वेळा, ‘उशीर’ २१, ‘लेट’ १६. प्रत्येक शब्द लहान, म्हणून दादाची नजर कुठेच अडकली नाही. पण बेरीज करा, ६४! म्हणजे थेट ‘चव’इतकीच, आणि यात इंग्रजी लिपीतल्या कमेंट्स अजून धरलेल्याच नाहीत.

मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त होतं, कारण आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. डबा, डबे, डब्यात, डब्याला, डब्याचं हे संगणकासाठी पाच वेगळे शब्द. यादी केली तर ते एकाखाली एक येतात आणि जोडून घेता येतात. ढगात ते कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतात.

मग हा फॉर्म्युला लिहिला:

```
=SUMPRODUCT(--REGEXMATCH(LOWER(A2:A319),"उशीर|उशिरा|लेट|late|ushir"))
```

हा शब्द मोजत नाही, कमेंट्स मोजतो. एकाच कमेंटमध्ये ‘लेट लेट लेट’ असलं तरी ती एकच धरली जाते. उत्तर आलं १०४. खुश होऊन दादाला सांगणार होतो, पण सवयीने त्यातल्या काही कमेंट्स उघडून बघितल्या. एकीत लिहिलं होतं, "रविवारची वड्याची प्लेट भारी होती." अरे, ‘प्लेट’मध्ये ‘लेट’ आहे! आणि plate मध्येही late आहे. दोन्ही लिप्यांत एकच खड्डा. अशा ११ कमेंट्स निघाल्या. मग शब्दाच्या सुरुवातीला अट घातली, म्हणजे आधी मोकळी जागा हवी किंवा कमेंटची सुरुवात:

```
=SUMPRODUCT(--REGEXMATCH(LOWER(A2:A319),"(^|\s)(उशीर|उशिरा|लेट|late|ushir)"))
```

शेवट मुद्दाम मोकळा ठेवला, कारण ‘उशिराने’, ‘उशीरच’ असे प्रत्यय शेवटी लागतात आणि ते मोजले जायला हवेत. डब्यासाठी नुसतं ‘डब’ हे मूळ दिलं की डबा आणि डब्यात दोन्ही सापडतात. आता आकडा आला ९३.

बाकीचे शब्दही असेच काढले. उशीर ९३, चव ७१, डबा ५२, भाजी ४९, तिखट ३६, थंड ३४, आणि पुढे उतरत्या क्रमाने एकूण चौदा ओळी. शब्द आणि आकडा असे दोन कॉलम, मोठ्याकडून लहानाकडे क्रम, मग चार्टमध्ये आडव्या पट्ट्यांचा प्रकार निवडला. आडव्याच, कारण उभ्या पट्ट्यांखाली मराठी शब्द तिरके होतात आणि फोनवर वाचता येत नाहीत. रंग एकच. शून्यापासून सुरुवात. खाली लिहिलं: ‘३१८ कमेंट्स, १३३ ग्राहक’.

चित्र ढगाइतकं देखणं अजिबात नव्हतं. दादा म्हणाला, "हे काय शाळेतल्यासारखं?" पण दुसऱ्याच वाक्यात त्याने विचारलं, "उशीर सगळ्यात वर कसा?"

पण पट्टी मोठी म्हणजे तक्रार मोठी, असंही नाही

इथे बार चार्टचं फार कौतुक करून थांबलो तर मीही तीच चूक करेन. ‘चव’ची पट्टी ७१. त्या ७१ कमेंट्स मी सगळ्या वाचल्या, अर्धा तासही लागला नाही. ४४ मध्ये चवीचं कौतुक होतं. १९ मध्ये तक्रार. ८ मध्ये धड हे नाही, धड ते नाही. म्हणजे जो शब्द बघून दादा काकूंना काढायला निघाला होता, तो बहुतेक वेळा काकूंच्या कौतुकासाठीच आला होता! ढगाला हे कळत नाही, पट्टीलाही कळत नाही. ढगाची तर आणखी एक गंमत. त्या मुलाने ‘आहे’, ‘आणि’, ‘पण’ असे बिनकामाचे शब्द हाताने गाळले होते, कारण लायब्ररीत गाळायच्या शब्दांची यादी फक्त इंग्रजी आहे. त्या गाळणीत ‘नाही’ पण गेला. आता ‘चव छान नाही’ मधून काय उरलं? ‘चव’ आणि ‘छान’.

याच कारणाने मी ‘वेळेवर’ हा शब्द उशिराच्या पट्टीत घातला नाही. ‘वेळेवर येतो’ आणि ‘वेळेवर येत नाही’ यात तो एकच आहे. त्याची ओळ वेगळी ठेवली आणि हाताने वाचली.

‘तिखट’ची गोष्ट अजून वेगळी. ढगात ४८ वेळा आला होता. कमेंट्स मोजल्या तर इंग्रजी लिपीतल्या धरूनही ३६. मग ग्राहक मोजले, फॉर्ममध्ये फोन नंबर असल्याने ते जमलं, तर फक्त १४ जण. तेच लोक दर आठवड्याला फॉर्म भरत होते, आणि एक महाशय तर एकाच ओळीत तीन-तीन वेळा ‘तिखट’ लिहायचे. उशिराच्या ९३ कमेंट्समागे मात्र ६१ ग्राहक होते. १३३ पैकी ६१, म्हणजे जवळपास निम्मे. आता तुम्ही काय आधी दुरुस्त कराल?

ढगाच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या चार्टमध्ये चौदाच शब्द होते, ढगात दीडशेच्या वर. त्याच्या एका कोपऱ्यात, उभा, बारीक, ‘झाकण’ असा शब्द होता. मला तो माझ्या यादीत सुचलाच नव्हता. शोधलं तर ९ कमेंट्स: झाकण सैल आहे, वरण बॅगेत सांडतं. एकाचा लॅपटॉप भिजला होता. काय काय शब्द आलेत याची पहिली चाचपणी करायला ढग वाईट नाही. अर्थात सगळ्या शब्दांची आकड्यांसकट लांब यादी काढली असती तर ‘झाकण’ तिथेही सापडलं असतं, फक्त ती यादी खालपर्यंत वाचायचा कंटाळा करून चालत नाही. लाइव्ह कार्यक्रमात लोकांकडून एका शब्दात उत्तर घेतात, तिथेही ढग चालतो. तिथे वाक्यच नसतं, त्यामुळे ‘नाही’ हरवायचा प्रश्न नाही.

उशिराच्या ९३ कमेंट्स वाचल्यावर कारण फार खोल नव्हतं. दुपारी एकच गाडी दोन फेऱ्या मारते, आणि पहिली फेरी परतल्याशिवाय दुसरी निघत नाही. तक्रारी जवळजवळ सगळ्या दुसऱ्या फेरीतल्या भागातून. दादाने दुसरा मुलगा ठेवला. त्या १४ जणांच्या डब्यांवर आता हिरवी टेप असते, त्यात काकू तिखट कमी घालतात. काकूंना यातलं काही माहीत नाही, आणि दादाने मला तसंच राहू दे म्हणून सांगितलंय.

पुढच्या महिन्यात १०४ कमेंट्स आल्या. तोच शब्दांचा संच, तेच फॉर्म्युले, फक्त आता आकड्यांऐवजी टक्के घेतले, कारण तीन महिन्यांच्या ३१८ शी एका महिन्याच्या १०४ ची थेट तुलना होत नाही. ढगात ही तुलना करताच आली नसती, प्रत्येक वेळी शब्दांची जागा आणि रंग बदलतात. उशीर २९ टक्क्यांवरून २१ वर आला आहे. पण ‘थंड’ ११ वरून १६ टक्क्यांवर गेलाय. नवीन मुलगा डबे साध्या पिशवीतून नेतो की काय, अशी मला शंका आहे. १०४ मधल्या ‘थंड’वाल्या १७ कमेंट्स आज रात्री वाचायच्या आहेत.